घटस्फोटित किंवा विधवा मुलीला आई-वडिलांची फॅमिली पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान केंद्र सरकारच्या नागरी सेवेतल्या पेन्शनधारकांच्या मुलींसाठी आहे. टपाल, आयकर, सीमाशुल्क, आकाशवाणी, जनगणना अशा खात्यांत वडील किंवा आई नोकरीला होती आणि ती १ जानेवारी २००४ पूर्वी लागली होती, तर पुढचे सगळे लागू होते. रेल्वे आणि सैन्यदलांचे नियम वेगळ्या पुस्तकांत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागतात. त्यांनी इथले आकडे आणि तारखा तशाच उचलू नयेत.

लग्न झालेल्या मुलीचा आई-वडिलांच्या पेन्शनवर हक्क असतो का?

सासरी नांदत असेल तर नाही. पण पती वारला किंवा घटस्फोट झाला, आणि ती आई-वडिलांवर अवलंबून असेल, तर असतो, आणि त्याला वयाची अट नाही. साठीतल्या बाईलाही ही पेन्शन मिळू शकते. मुलीला पंचविशीपर्यंतच पेन्शन, हा समज जुन्या नियमामुळे अजून टिकून आहे. ३० ऑगस्ट २००४ च्या आदेशापासून विधवा आणि घटस्फोटित मुलींसाठी पंचविशीची मर्यादा गेली. अविवाहित मुलींसाठी ती ६ सप्टेंबर २००७ पासून गेली. आज हे सगळे केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ मधल्या नियम ५० मध्ये आहे.

अटी नेमक्या कोणत्या?

ढोबळमानाने तीन. मुलगी आई-वडिलांपैकी शेवटचे जे हयात होते त्यांच्या हयातीतच विधवा किंवा घटस्फोटित झालेली असावी. तिचे स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असावे. आणि तिचा नंबर लागलेला असावा, म्हणजे तिच्या आधी हक्क असलेले कोणी शिल्लक नसावे. पुनर्विवाह केलेला नसावा हे ओघानेच आले.

यातली पहिली अट सगळ्यात जास्त अर्ज पाडते. कागद अपुरे असतील तर नंतर जोडता येतात, उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढता येतो. तारीख मात्र बदलता येत नाही. म्हणून पुढच्या बऱ्याच उत्तरांत तारखाच आहेत.

बाबा २०१२ साली गेले, आईला पेन्शन मिळत होती. माझे पती २०१८ मध्ये वारले आणि आई २०२१ मध्ये. ऑफिसात म्हणतात, ‘वडील गेले तेव्हा तुम्ही विधवा नव्हता.’ बरोबर आहे का?

नाही. नियमात नोकरदार किंवा पेन्शनधारक ‘अथवा त्याचा जोडीदार’ यांच्या हयातीत असे आहे. वडिलांमागे आई हयात होती, त्यामुळे मोजायची ती आईच्या मृत्यूची तारीख. तुमचे पती २०१८ मध्ये गेले, आई तेव्हा होती, म्हणजे अट पूर्ण होते. पती २०२२ मध्ये गेले असते तर हक्क उरला नसता.

असे उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागा. लेखी नकार देताना नियमाचा आधार लिहावा लागतो, आणि बऱ्याचदा तो लिहितानाच चूक समोरच्याच्या लक्षात येते.

आणि आईच नोकरीला असेल तर?

तेच, फक्त उलट. आई गेल्यावर आधी वडिलांना मिळते. वडील गेल्यावर मुलीचा विचार, आणि तारीख वडिलांच्या मृत्यूची.

घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू होता, निकाल लागण्याआधी आई गेली. आता काय?

यासाठीच १९ जुलै २०१७ चा आदेश आहे, आणि तो आता नियम ५० मध्ये आला आहे. आई-वडिलांपैकी कोणीतरी हयात असताना सक्षम न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल झालेला असेल आणि निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला, तरी मुलगी पात्र ठरते. फक्त पेन्शन घटस्फोटाच्या तारखेपासून सुरू होते. आईच्या मृत्यूपासून निकालापर्यंतच्या काळाची थकबाकी मिळत नाही, कारण त्या काळात ती कायद्याने विवाहितच होती.

इथे लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. दाखल झालेला अर्ज घटस्फोटाचाच हवा. पोटगीचा अर्ज, कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार, छळाचा फौजदारी खटला, नांदायला नेण्याचा दावा, यांतले काहीही घटस्फोटाची कारवाई ठरत नाही. दहा वर्षे पोटगीची केस चालू असेल, पण घटस्फोटाचा अर्ज आई गेल्यानंतर महिन्याभराने टाकला, तर या सवलतीचा उपयोग होत नाही. हे कठोर वाटते, आहेही. पण नियमाचे शब्द तसेच आहेत.

परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर पहिला संयुक्त अर्ज दाखल झाल्याची तारीख धरा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे त्यानंतर साधारण सहा महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टासमोर यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हा काळ योग्य प्रकरणात कमी करून मिळतो. मधल्या काळात आई गेली तरी पहिला अर्ज तिच्या हयातीतला असतो.

अर्ज नवऱ्याने टाकला असेल तरी चालते. तो कोणी दाखल केला याची अट नियमात नाही.

मी पंधरा वर्षे माहेरी आहे. घटस्फोट घेतलेला नाही, नवऱ्याचा काही पत्ता लागत नाही. मला मिळेल?

नाही. परित्यक्ता किंवा वेगळी राहणारी मुलगी या नियमात बसत नाही. कोर्टाने न्यायिक फारकत दिली असली तरी नाही, कारण त्यात लग्न कायम राहते.

तुमची आई किंवा वडील आज हयात असतील तर वकिलाशी बोलण्याची वेळ हीच आहे. घटस्फोट घ्यायचा की नाही हा तुमचा खासगी निर्णय, त्यात कोणी पडू नये. पण घ्यायचा असे मनाशी ठरलेलेच असेल आणि ‘आई गेल्यावर बघू’ म्हणून थांबला असाल, तर या पेन्शनपुरते ते थांबणे महागात पडते.

गावात पंचांसमोर काडीमोड झाला, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दोघांनी सह्या केल्या. नोटरीही केली. चालेल का?

केवळ त्या कागदावर भिस्त ठेवू नका. कार्यालये कोर्टाचा हुकूमनामा मागतात, आणि नोटरीचा शिक्का म्हणजे हुकूमनामा नव्हे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला जागा देते. पण तशी रूढी आपल्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते, आणि ते पेन्शनच्या टेबलावर होत नाही, कोर्टात होते. ज्यांचा काडीमोड खरोखर रूढीने झाला आहे त्यांनी दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयातून तसा निर्णय घ्यावा आणि तोही आई-वडील हयात असतानाच मार्गी लावावा.

उत्पन्नाची मर्यादा किती?

किमान फॅमिली पेन्शन अधिक त्यावरची महागाई मदत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे किमान फॅमिली पेन्शन महिना ९,००० रुपये आहे. महागाई मदतीचा दर १ जुलै २०२५ पासून ५८ टक्के होता, म्हणजे ५,२२० रुपये. दोन्ही मिळून १४,२२०. मुलीचे इतर सर्व मार्गांचे मासिक उत्पन्न यापेक्षा कमी हवे. दर वाढला की मर्यादाही वाढते, म्हणून अर्ज करताना त्या त्या तारखेचा दर घ्या. जुन्या पत्रकांत ३,५०० अधिक महागाई असे लिहिलेले दिसेल, ते सहाव्या आयोगाच्या काळचे.

दिव्यांग अपत्यासाठी २०२१ पासून मर्यादा वेगळी आणि बरीच सैल आहे. ती बातमी वाचून विधवा मुली आपल्यालाही तीच मर्यादा समजतात. तसे नाही, त्यांच्यासाठी ९,००० अधिक महागाई हीच.

उत्पन्न म्हणजे फक्त पगार का?

नाही. पगार, शिकवण्या, शिलाई, भाडे, शेतीचे उत्पन्न, मुदत ठेवींचे व्याज, सगळे. व्याज विसरणाऱ्या खूप असतात. पतीच्या विम्याचे २० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले आहेत असे धरा. वर्षाचे व्याज १,४०,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ११,६६७. १४,२२० च्या आत आहे, ठीक. पण त्याच बाई महिना ३,००० च्या शिकवण्या घेत असतील तर बेरीज १४,६६७ होते आणि हक्क जातो. व्याज तिमाहीला खात्यात येत नाही, ठेवीतच जमा होते, म्हणून ते उत्पन्न नाही असेही नाही. पॅन क्रमांकामुळे ते आयकर खात्याच्या विवरणात दिसते, आणि कार्यालय बहुधा विवरणपत्राची प्रत मागतेच.

राहत्या घराची मालकी म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यातली खोली भाड्याने दिली तर भाडे उत्पन्न. मिळवत्या मुलाचा पगार तुमचा नाही, प्रश्न तुमच्या स्वतःच्या उत्पन्नाचा आहे.

आईच्या मृत्यूच्या वेळी मला नोकरी होती, वर्षभराने ती गेली. आता पेन्शन मिळेल का?

अवघड आहे. ११ सप्टेंबर २०१३ च्या खुलाशाप्रमाणे मुलीने सर्व अटी आई-वडिलांच्या मृत्यूच्या वेळीही पूर्ण केलेल्या असाव्या लागतात आणि तिचा नंबर लागतो त्या दिवशीही. म्हणजे तपासणीचे क्षण दोन आहेत. बहुतेक घरांत ते एकाच दिवशी येतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या बाबतीत आईच्या मृत्यूच्या दिवशी उत्पन्न मर्यादेच्या वर होते, त्यामुळे पहिल्या तपासणीतच अडते.

हे दोन क्षण वेगळे कधी पडतात?

मध्ये दिव्यांग भाऊ किंवा बहीण असली की. पेन्शन आधी जोडीदाराला. मग पंचविशीच्या आतल्या, न कमावणाऱ्या, अविवाहित मुलांना वयाच्या क्रमाने. मग कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजन्म. त्यानंतर पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित मुली.

आता समजा, आई २०१५ मध्ये गेली आणि पेन्शन मतिमंद भावाला सुरू झाली. बहीण २०११ पासून विधवा, उत्पन्न नाही. भाऊ २०२४ मध्ये वारला. बहिणीचा नंबर २०२४ मध्ये लागला, पण ती आईच्या वेळीही पात्र होती, म्हणून तिला मिळते. तीच बहीण २०१९ मध्ये, भावाला पेन्शन चालू असताना विधवा झाली असती तर मिळाली नसती. कुटुंबात कोणाला तरी पेन्शन चालू आहे एवढ्याने भागत नाही, आई-वडिलांपैकी एक हयात असायला हवा होता.

आम्ही दोघी बहिणी पात्र आहोत. अर्धी-अर्धी वाटून मिळेल?

नाही, एका वेळी एकीलाच, आणि जन्माच्या क्रमाने. थोरली आधी. ती अपात्र झाली किंवा वारली तर धाकटी. अविवाहित, विधवा, घटस्फोटित असा आपसात क्रम नाही, वय पाहिले जाते. जुळी मुले हा अपवाद, त्यांना समान वाटा मिळतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा, वडील टपाल खात्यातून २००६ मध्ये निवृत्त झाले. मार्च २०१६ मध्ये वारले. आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि ती ९ जानेवारी २०२४ रोजी गेली. मागे तिघे. मुलगा पुण्यात नोकरीला, वय चाळीस, त्याचा प्रश्नच नाही. थोरली मुलगी २०१९ मध्ये विधवा झाली, पण ती शिक्षिका आहे आणि पगार चांगला आहे. धाकटी २०१७ पासून माहेरी, तिने कौटुंबिक न्यायालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये घटस्फोटाचा अर्ज केला, हुकूमनामा २० जून २०२५ चा.

थोरलीची तारीख जुळते, कारण २०१९ मध्ये आई होती. पण आईच्या मृत्यूच्या वेळी महागाई मदत ५० टक्के होती, म्हणजे मर्यादा १३,५००, आणि तिचा पगार त्याच्या कितीतरी वर. ती बाद. पुढे तिची नोकरी सुटली तरी तिचा नंबर पुन्हा उघडत नाही, कारण पहिल्या तपासणीत ती बसलेलीच नाही.

धाकटीचा अर्ज आईच्या हयातीतला, निकाल नंतरचा. तिला २० जून २०२५ पासून पेन्शन. त्या वेळी महागाई मदत ५५ टक्के, मर्यादा १३,९५०. ती घरी खाकरे, पापड करून महिना सात-आठ हजार मिळवते, म्हणजे आत आहे.

रक्कम किती? वडिलांचे सातव्या आयोगाप्रमाणे ठरवलेले शेवटचे वेतन ४६,००० धरू. नेहमीची फॅमिली पेन्शन त्याच्या ३० टक्के, म्हणजे १३,८००. त्यावर ५५ टक्के महागाई ७,५९०. एकूण २१,३९०. जुलै २०२५ पासून महागाई ५८ टक्के झाल्यावर २१,८०४. वडिलांनी पेन्शनचा काही भाग विकला होता म्हणून ही रक्कम कमी होत नाही, फॅमिली पेन्शनला ती कपात लागत नाही.

जानेवारी २०२४ ते जून २०२५ या सतरा महिन्यांचे काही नाही. आणि हाच अर्ज ऑक्टोबर २०२३ ऐवजी फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखल झाला असता तर २१ हजारांपैकी एक रुपयाही नाही.

बाबांनी मृत्युपत्रात पेन्शन भावाच्या नावे लिहिली आहे.

त्याचा उपयोग नाही. फॅमिली पेन्शन ही मृताची मिळकत नाही, नियमांनी ठरलेल्या माणसाला मिळणारा तो स्वतंत्र हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट आयझॅक प्रकरणात, तेही रेल्वे कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या बाबतीत, मृत्युपत्राने ती कोणाला देता येत नाही असे सांगितले. बँक खात्याचे नामनिर्देशनही इथे लागू नाही. भावाचे ना-हरकत पत्र काही कार्यालये मागतात. सहज मिळत असेल तर द्या, वाद मिटतो, पण भाऊ सही करत नाही म्हणून तुमचा हक्क थांबत नाही.

माझे नाव बाबांच्या पेन्शनच्या कागदांत नाही. लग्न झाल्यावर त्यांनी काढून टाकले होते.

नाव काढायला नकोच होते. कुटुंबाच्या तपशिलात सगळी अपत्ये दाखवायची असतात, विवाहित मुलीसह. तिला पेन्शन मिळेल की नाही ते पुढे त्या वेळी ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्तिवेतन विभागाने हे पुन्हा स्पष्ट केले आहे. पण नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, पासपोर्ट यांवरून नाते सिद्ध करता येते. लग्नानंतर नाव पूर्ण बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. ‘कुमारी अमुक’ आणि ‘सौ. तमुक’ एकच आहेत हे दाखवण्यातच बऱ्याच फाइली सहा-सहा महिने पडून राहतात.

आई किंवा वडील हयात असतील तर काम फार सोपे आहे. त्यांनी स्वतःच्या सहीने, जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयाच्या प्रमुखाला पत्र द्यावे: आमची मुलगी अमुक तारखेला विधवा झाली किंवा तिचा घटस्फोट झाला किंवा अर्ज दाखल आहे, ती आमच्यावर अवलंबून आहे, कुटुंबाच्या तपशिलात नोंद घ्यावी. सोबत मृत्यूदाखला किंवा कोर्टाच्या कागदाची प्रत. पोहोच घ्या आणि पीपीओच्या, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाच्या, फाइलीत ठेवा. आईच्या हातचा असा एक कागद नंतर दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

अर्ज कुठे करायचा? बँकेत?

बँकेत नाही. तुमचे नाव पीपीओवर पेन्शन घेणारी म्हणून नसेल तर बँक स्वतःहून काही सुरू करू शकत नाही. अर्ज वडील किंवा आई शेवटी जिथे नोकरीला होती त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे. तिथून तो वेतन व लेखा कार्यालयाकडे, तिथून केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयाकडे, आणि मग बँकेच्या पेन्शन केंद्राकडे जातो. नवा आदेश निघाल्यावर बँक पैसे सुरू करते.

सोबत द्यायचे: दोन्ही पालकांचे मृत्यूदाखले, पीपीओची प्रत, पतीचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची प्रमाणित नक्कल, पॅन, आधार, बँक पासबुकाचे पहिले पान, उत्पन्नाचा पुरावा, आणि पुनर्विवाह केलेला नाही असे प्रतिज्ञापत्र. निकाल आई-वडिलांच्या मृत्यूनंतरचा असेल तर मूळ अर्जाचीही प्रमाणित नक्कल, ज्यावर दाखल झाल्याची तारीख आणि क्रमांक आहे. नुसता हुकूमनामा दिला तर निकालाचीच तारीख डोळ्यांसमोर राहते आणि ‘घटस्फोट मृत्यूनंतरचा’ म्हणून फाइल परत येते. हुकूमनाम्यात अर्जाचे वर्ष असते, पण दिवस आणि महिना बहुधा मूळ अर्जावरच सापडतो.

आईची पेन्शन अजून तिच्या खात्यात येतेय. ती काढत राहिले तर चालेल? शेवटी मलाच मिळणार आहे ना.

अजिबात नको. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे पैसे तिचे नाहीत आणि तुमचा आदेश निघेपर्यंत तुमचेही नाहीत. बँक ते वसूल करते, आणि मृत्यू लपवून एटीएमने पैसे काढल्याचा शिक्का बसला की पात्र मुलीचा अर्जही संशयाने पाहिला जातो. मृत्यूदाखला हातात आला की लगेच बँकेला कळवा. तुम्ही पात्र असाल तर तुमची पेन्शन मागच्या देय तारखेपासून मिळते, काही बुडत नाही.

पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी काय द्यावे लागते?

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. त्याबरोबर पुनर्विवाह केलेला नाही आणि उत्पन्न मर्यादेच्या वर गेलेले नाही असे प्रमाणपत्र. पुनर्विवाह केला किंवा उत्पन्न मर्यादेला पोहोचले की पेन्शन बंद होते, आणि ते आपण होऊन कळवायचे असते.

माझे पती १९९८ मध्ये वारले, बाबा त्याआधीच गेले होते, आई २००१ मध्ये. तेव्हा असा नियमच नव्हता. आता काही?

होय. निवृत्तिवेतन विभागाच्या एप्रिल २०११ च्या खुलाशाप्रमाणे आई-वडिलांचा मृत्यू कधी झाला यामुळे हक्क जात नाही. इतर अटी पूर्ण असतील तर पेन्शन लागू होते, पण ३० ऑगस्ट २००४ च्या आधीच्या काळाचे काही मिळत नाही. तुमच्या बाबतीत पती आईच्या हयातीत गेले आहेत. त्या वेळी उत्पन्न नव्हते हे दाखवणे मात्र आता कठीण जाईल. जे जुने कागद असतील ते सगळे जोडा.

भाऊ २०१० मध्ये केंद्रात लागला. त्याच्या मुलीला पुढे हे लागू होईल?

१ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना आहे, तिथे निवृत्तीनंतर अशी फॅमिली पेन्शन नाही. १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत कुटुंबाला ६० टक्के आहे, पण ते फक्त पती किंवा पत्नीला, मुलीला नाही.

अर्ज देऊन आठ महिने झाले, काहीच उत्तर नाही.

आधी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे. फाइल हलण्याची शक्यता यानेच जास्त असते. त्याबरोबर CPENGRAMS या पेन्शन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. वडिलांचा पीपीओ क्रमांक, दोन्ही मृत्यूंच्या तारखा, आणि पतीच्या मृत्यूची किंवा कोर्टात अर्ज दाखल झाल्याची तारीख पहिल्या दोन ओळींतच लिहा. हकिगत लांबवली तर तारीख हरवते आणि ठरावीक उत्तर येते.

लेखी नकार आला असेल आणि तो नियम ५० शी जुळत नसेल, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येते. तिथे साधारणपणे नकारापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो, म्हणून नकाराचे पत्र ज्या पाकिटात आले त्यावरचा टपालाचा शिक्काही जपून ठेवा.